नोकरी गेली, एंडोमेंट पॉलिसी पेड-अप करायची आहे. शाखेला द्यायचं पत्र कसं लिहावं?

सातपूरकर (धागाकर्ता), १० ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सातपूरला ज्या कारखान्यात सुपरवायझर होतो तो जूनमध्ये बंद पडला. सध्या एका ओळखीच्या वर्कशॉपला जातो, पण पगार आधीच्या निम्म्याहून कमी. बायकोचं शिवणकाम आहे म्हणून घर चाललंय. मुलगी दहावीला.

एलआयसीची न्यू एंडोमेंट, टेबल ८१४. सप्टेंबर २०१६ ला घेतली, मुदत २० वर्षं, विमा रक्कम ५ लाख, हप्ता सहामाही १३,०००. आतापर्यंत १८ हप्ते भरलेत, शेवटचा मार्च २०२५ चा. २८ सप्टेंबरचा भरता आला नाही. खात्यात पैसे नव्हते, ऑटो डेबिट परत गेलं आणि बँकेने त्याचा दंड वर लावला.

एजंट म्हणतात सरेंडर करून टाका. मला मोडायची नाही. पेड-अप करता येते असं ऐकलंय. शाखेला द्यायला खालचा मजकूर लिहिलाय, बघून सांगा.

"मा. शाखा व्यवस्थापक साहेब, मी एक गरीब नोकरदार असून माझी नोकरी गेल्याने मी अत्यंत हलाखीत दिवस काढत आहे. घरात कमावणारे कोणी नाही. यापुढे हप्ते भरणे अशक्य असल्याने माझी पॉलिसी बंद करून पेड-अप करावी व जे काही पैसे होतील ते मिळावेत, ही नम्र विनंती. आपला आजन्म ऋणी राहीन."

---

गणपा_मिरजकर, १० ऑक्टोबर, रात्री ११:१५

पत्राबित्राची काही गरज नाही हो. तीन वर्षं भरली की हप्ता थांबवायचा, पॉलिसी आपोआप पेड-अप होते. माझ्या दोन आहेत तशा. बोनस चालू राहतो, वर्षभर पूर्ण विमाही राहतो. गप्प बसा.

---

मंदाकिनी_ठाणे, ११ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

सातपूरकर, वाचून वाईट वाटलं. पेड-अप केल्यावर पैसे किती दिवसांत खात्यात येतात? मला पण करायची आहे, डिसेंबरात लग्न आहे घरात.

---

टेबल_नंबर_सात, ११ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

शाखेत पॉलिसी सर्व्हिसिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. असली पत्रं रोज यायची. म्हणून जरा सविस्तर.

आधी मंदाकिनीताई, पेड-अपमध्ये हातात काहीच पैसे येत नाहीत. हप्ते थांबतात, पॉलिसी लहान होते आणि मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहते. पैसे आज हवे असतील तर सरेंडर किंवा पॉलिसीवर कर्ज, हे दोनच रस्ते. लग्नासाठी असेल तर कर्जाचं विचारा.

गणपा, पॉलिसी आपोआप पेड-अप होते हे तुमचं बरोबर आहे, बोनसचं आणि वर्षभराच्या विम्याचं नाही. सातपूरकरांच्या पॉलिसीला तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असले की पुढचा हप्ता चुकल्यावर ती अटींप्रमाणेच पेड-अप होते, अर्जाची अट नाही. पण बोनस चालू राहत नाही. आजवर जमा झालेला बोनस शाबूत राहतो, नवीन एक पैसा जमा होत नाही. शेवटी मिळणारा अंतिम अतिरिक्त बोनसही पेड-अपला नाही. आणि हप्ता थांबल्यावर सहा महिने किंवा वर्षभर पूर्ण विमा मिळायची सवलत जुन्या काही पॉलिसींना होती. तुमच्या त्या असतील. बाँडवर छापलेलं असतं, तिथे नसेल तर ती नाही. ऐकीव माहितीवर घरच्यांना भरवशाला ठेवू नका.

मग पत्र कशाला? सातपूरकरांकडे जे झालं त्याचसाठी. डेबिटचा आदेश चालू राहिला की पुढच्या तारखेला पुन्हा रक्कम खेचायचा प्रयत्न होणार, पुन्हा परत जाणार, पुन्हा दंड. आणि दुसरं, पेड-अपचा आकडा आज लेखी घेतला नाही तर ११ वर्षांनी तुमच्या पावत्या आणि त्यांचा संगणक यांचा मेळ घालत बसावं लागेल.

सातपूरकर, तुमच्या पत्रातलं एक वाक्य घातक आहे. "पॉलिसी बंद करून जे काही पैसे होतील ते मिळावेत." टेबलावरचा माणूस हे वाचून सरेंडरचा फॉर्म पुढे करणार. तुम्ही घाईत सही केलीत की विषय संपला, सरेंडर झालेली पॉलिसी परत येत नाही. "बंद" हा शब्दच काढा. हलाखीचं वर्णनही एका ओळीत आटपा. पेड-अप हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कोणाचं ऋणी राहायची गरज नाही.

पोर्टलवर जमा बोनस किती दिसतो आणि कर्ज आहे का, एवढं सांगा. मग आकडे मांडते.

---

सातपूरकर, ११ ऑक्टोबर, दुपारी १:०५

धन्यवाद मॅडम. कर्ज नाही. बोनस १,८७,५०० दिसतो. अपघाताचा रायडर आहे ५ लाखांचा. आज शाखेत जाऊन सरेंडरचा आकडा विचारला, तोंडी १,९६,००० सांगितला.

---

टेबल_नंबर_सात, ११ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

बरं. २० वर्षांचे सहामाही हप्ते ४०. भरले १८. म्हणजे ५ लाखांना १८ ने गुणा, ४० ने भागा, आले २,२५,०००. ही तुमची पेड-अप विमा रक्कम. यात जमा बोनस १,८७,५०० मिळवा, झाले ४,१२,५००. सप्टेंबर २०३६ ला हेच मिळणार. मध्ये बोनसचे दर वाढोत नाहीतर कमी होवोत, हा आकडा हलत नाही.

विम्याचं बघा. मार्चचा हप्ता भरलेला होता तोवर, देव न करो, काही झालं असतं तर घरच्यांना ५ लाख अधिक बोनस, म्हणजे ६,८७,५०० मिळाले असते. पेड-अपनंतर ४,१२,५००. पावणेतीन लाखांचं संरक्षण गेलं. रायडर तर पूर्ण जातो, त्याला पेड-अप किंमत नसते. अपघाती मृत्यूचे जादा ५ लाख शून्य. वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करणाऱ्या माणसाने हे हलक्यात घेऊ नये.

हे लगेच आज होत नाही. सहामाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तुमची २८ ऑक्टोबरपर्यंत. तोवर पॉलिसी पूर्ण चालू आहे.

---

कोल्हापुरी_हिशेबनीस, ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४५

सीए आहे, विमा विकत नाही, म्हणून मोकळेपणाने बोलतो. एरवी एंडोमेंट घेऊच नका म्हणणारा मी. पण नऊ वर्षं भरून झाल्यावर प्रश्न वेगळा होतो.

आज १,९६,००० घेऊन बाहेर पडायचं, की ११ वर्षं हात न लावता ४,१२,५०० घ्यायचे? १,९६,००० चे ११ वर्षांत ४,१२,५०० व्हायला वर्षाला साधारण ७ टक्के लागतात. खात्रीचे. वर थोडासा विमा. मुदत ठेवीत एवढा दर ११ वर्षांसाठी बांधून मिळत नाही, आणि तिथलं व्याज करपात्र. म्हणजे आज रोकड हवीच असेल तरच सरेंडर. एजंटचं मत बाजूला ठेवा.

पण दुसरी तुलना लोक करतच नाहीत. पेड-अप विरुद्ध चालू ठेवणं. उरलेले २२ हप्ते म्हणजे २,८६,०००. ते भरले तर बोनसचा सध्याचा दर टिकला असं धरून, म्हणजे वर्षाला २१,००० च्या आसपास, शेवटी ९,१८,५०० होतात. पेड-अपपेक्षा ५,०६,००० जास्त. त्यात विमा रकमेचा उरलेला भाग २,७५,००० आणि पुढचा बोनस २,३१,०००. या २२ हप्त्यांवर पडणारा परतावा काढला तर तो नऊ-साडेनऊ टक्के येतो!

मला स्वतःला आश्चर्य वाटलं म्हणून दोनदा काढलं. कारण असं की पेड-अप केल्यावर आधीच भरलेल्या पैशांवरचा बोनससुद्धा थांबतो. पुढचा प्रत्येक हप्ता स्वतःची कमाई तर आणतोच, मागच्या नऊ वर्षांच्या पैशांनाही कामाला लावतो. पेड-अपचा खरा तोटा हा आहे, आणि पेड-अपच्या पत्रात तो कुठेच दिसत नाही. बोनस हमीचा नसतो हे खरं, त्यामुळे साडेनऊ धरून बसू नका. तरी ओढाताण करून जमत असेल तर चालू ठेवणं पहिलं, पेड-अप दुसरं, सरेंडर शेवटचं.

---

सातपूरकर, ११ ऑक्टोबर, रात्री ९:३०

हिशेबनीस दादा, पटतंय. पण सध्या १३,००० म्हणजे मुलीच्या क्लासची फी आणि दोन महिन्यांचं वीजबिल. नाही जमणार.

---

पुणेरी_तोडगा, ११ ऑक्टोबर, रात्री १०:००

सोपं आहे. पॉलिसीवर कर्ज काढा आणि त्यातून हप्ते भरा. पॉलिसी चालू, खिशाला झळ नाही. शिवाय आता जीएसटी पण गेला, २२ सप्टेंबरपासून हप्ता तीनशे रुपयांनी कमी झालाय तुमचा.

---

टेबल_नंबर_सात, १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

जीएसटीचं बरोबर. कर्जाचं अर्धवट आहे.

एक-दोन हप्त्यांपुरती नड असेल तर कर्ज काढून भरणं चांगला मार्ग. चालू पॉलिसीवर सरेंडर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पेड-अप झाल्यावर ८० टक्के. म्हणजे तुमच्या आकड्यावर १,७६,४०० आणि १,५६,८००. कर्ज लागणारच असेल तर सवलतीच्या दिवसांतच घेतलेलं बरं, हे खरं.

पण मी टेबलावर जे पाहिलं ते सांगते. लोक कर्ज काढतात, पहिला हप्ता त्यातून भरतात, दुसऱ्याच्या वेळी ते पैसे दुसरीकडे गेलेले असतात. पॉलिसी पेड-अप होते आणि कर्ज तसंच. सहामाही व्याज भरलं नाही की ते मुद्दलात मिळतं. चालू पॉलिसीची सरेंडर किंमत नव्या हप्त्यांनी आणि बोनसने भराभर वाढते, पेड-अपची हळूहळू. तिकडे कर्ज चक्रवाढीने फुगतं. ज्या दिवशी कर्ज आणि व्याज मिळून सरेंडर किमतीच्या वर जातात, त्या दिवशी कंपनी पॉलिसी मोडून आपलं वसूल करते. नोटीस जुन्या पत्त्यावर गेलेली असते. मग बाई येतात नवऱ्याचा बाँड घेऊन आणि पॉलिसीत काही उरलेलं नसतं. हे मी एकदा नाही, खूपदा पाहिलंय. पेड-अप पॉलिसीवर कर्ज असेल तर निदान व्याज तरी वेळेवर भरा.

सातपूरकर, तुम्ही कर्जात पडू नका. आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. पेड-अप हे कायमचं कुलूप नव्हे. पहिला न भरलेला हप्ता सप्टेंबर २०२५ चा, तिथून पाच वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०३० पर्यंत तुम्ही पॉलिसी पुन्हा चालू करू शकता. थकलेले हप्ते आणि त्यावरचं व्याज भरायचं, मधल्या वर्षांचा बोनसही परत जोडला जातो. साधारण सहा महिन्यांच्या आत आलात तर नुसतं व्याज देऊन काम होतं. उशीर झाला की ६८० नंबरचा फॉर्म, म्हणजे तब्येत चांगली असल्याचं घोषणापत्र, आणि वय-रक्कम बघून वैद्यकीय तपासणी मागतात. मधल्या काळात साखर किंवा रक्तदाब निघाला तर कंपनी नाही म्हणू शकते, हा धोका लक्षात ठेवा.

मार्चपर्यंत नोकरीचं काही जमेल अशी आशा असेल तर आज फक्त डेबिट थांबवा आणि मार्चच्या आत ठरवा. तोवर दुसरं काहीच बिघडत नाही, सवलतीचे दिवस संपल्यावर विमा कमी होतो तेवढंच.

---

सातपूरकर, १२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

मॅडम, मार्चपर्यंत काही होईल असं वाटत नाही. पत्र देतोच. मसुदा तुम्हीच सुधारून द्याल का?

---

टेबल_नंबर_सात, १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:१०

घ्या. कोऱ्या कागदावर हाताने लिहिलंत तरी चालेल. सही पॉलिसी घेताना केली होती तीच करा.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (पॉलिसीची सर्व्हिसिंग शाखा)
>
> विषय: पॉलिसी क्र. ........ हप्ते थांबवून पेड-अप स्वरूपात पुढे चालू ठेवणे व त्याचा लेखी तपशील मिळणे.
>
> महोदय / महोदया,
>
> वरील पॉलिसी (न्यू एंडोमेंट, टेबल ८१४, मुदत २० वर्षे, विमा रक्कम रु. ५,००,०००, सुरुवात २८/०९/२०१६) माझ्या नावे आहे. सहामाही हप्ते मार्च २०२५ पर्यंतचे, एकूण १८, भरलेले आहेत. पहिला न भरलेला हप्ता २८/०९/२०२५ चा आहे. पॉलिसीवर कर्ज नाही.
>
> जून २०२५ मध्ये माझी नोकरी गेल्यामुळे पुढील हप्ते भरणे सध्या शक्य नाही. मला पॉलिसी सरेंडर करायची नाही. ती अटींनुसार कमी केलेल्या पेड-अप विमा रकमेवर मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवावी, ही विनंती.
>
> पेड-अप झाल्यावर विमा संरक्षण कमी होईल, पुढील बोनस जमा होणार नाही व अपघात रायडर संपुष्टात येईल, याची मला जाणीव आहे. पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत पॉलिसी पुनरुज्जीवित करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे.
>
> हप्त्यासाठी बँकेला दिलेला ऑटो डेबिटचा आदेश (खाते क्र. च्या शेवटचे चार अंक ....) रद्द करावा व यापुढे या खात्यातून रक्कम मागवू नये.
>
> कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात: हिशेबात धरलेल्या हप्त्यांची संख्या, पेड-अप विमा रक्कम, आजपर्यंत जमा झालेला बोनस, मुदतपूर्तीची तारीख व त्या दिवशी देय रक्कम, मुदतीत मृत्यू झाल्यास देय रक्कम, आणि पुनरुज्जीवनाची अंतिम तारीख.
>
> माझे नामांकन पूर्वीप्रमाणेच कायम आहे. सध्याचा पत्ता व मोबाईल क्रमांक खाली देत आहे, नोंदीत बदल असल्यास तो करावा.
>
> सोबत: बाँडच्या पहिल्या पानाची प्रत, मार्च २०२५ ची पावती, ओळखपत्राची प्रत.
>
> आपला / आपली,
> (सही, नाव, पत्ता, मोबाईल, दिनांक)

दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच न देता "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर तिथून हलू नका. ईमेलही करा शाखेला, त्याची नोंद राहते.

"सरेंडर करायची नाही" ही ओळ काढू नका, पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच. आणि डेबिट बँकेकडूनही स्वतंत्रपणे रद्द करून घ्या. एका बाजूने रद्द केलं म्हणून दुसरीकडे आपोआप कळतं असं समजू नका.

---

गणपा_मिरजकर, १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

मान्य, बाँड काढून पाहिला. माझ्या २००८ च्या पॉलिसीला ती वर्षभराची सवलत छापलेली आहे, दुसरीला नाही. दोन्ही एकच समजत होतो.

---

वहिनी_इचलकरंजी, १२ ऑक्टोबर, रात्री ८:२५

काकू, आमचं जरा वेगळं आहे. ह्यांची पॉलिसी पगारातून कापली जायची, मालक भरायचे. सूतगिरणी सुटली तेव्हा दहा वर्षं पूर्ण झाली असं आम्ही धरून होतो. शाखेत सांगतात की मधले सात महिने आलेच नाहीत. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते. आता पेड-अप कशी करायची?

---

टेबल_नंबर_सात, १२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

वहिनी, याला गॅप म्हणतात आणि पगारकपातीच्या पॉलिसींत हे नेहमीचं. कापून घेतलं पण त्या महिन्याच्या यादीत नाव नाही, किंवा यादीत पॉलिसी नंबर चुकला, म्हणून पैसे दुसऱ्याच खात्याला लागले, किंवा पाठवलेच नाहीत. गॅप मिटल्याशिवाय पेड-अपचं पत्र देऊ नका, कारण हिशेबात ते सात हप्ते गाळले जातील. मासिक हप्त्यात सात म्हणजे थोडं वाटतं, पण २० वर्षांच्या २४० हप्त्यांत १२० ऐवजी ११३ धरले तर ५ लाखांच्या पॉलिसीत पेड-अप रक्कम साधारण १४,५०० ने खाली येते. शिवाय पहिला न भरलेला हप्ता त्या गॅपच्या तारखेचा धरला तर पुनरुज्जीवनाची पाच वर्षंही तिथूनच मोजली जातील.

आधी त्या सात महिन्यांच्या पगारचिठ्ठ्यांच्या प्रती जोडून शाखेला वेगळं पत्र द्या, "कपात झालेली आहे, गॅप जुळवून द्यावा." कंपनीकडून पैसे पाठवल्याचा पुरावा मिळाला तर उत्तम. गिरणी बंद आहे का चालू?

---

वहिनी_इचलकरंजी, १२ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बंद. ऑफिसात एक जुने कारकून बसतात अधूनमधून. त्यांना गाठते. चिठ्ठ्या पाच महिन्यांच्या आहेत, दोन सापडत नाहीत.

---

कोल्हापुरी_हिशेबनीस, १३ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

एक शंका मांडतो, उत्तर माझ्याकडेही पक्कं नाही. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत वार्षिक हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तरच मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त. सातपूरकरांचा वार्षिक हप्ता २६,०००, विमा ५ लाख, काहीच अडचण नाही. पण पेड-अपनंतर विमा रक्कम २,२५,०००, आणि हप्त्याची दहापट २,६०,०००. कायद्यातल्या व्याख्येत "मुदतीत कोणत्याही वेळी असलेली किमान रक्कम" असं आहे. मग ही पॉलिसी अटीबाहेर जाते का?

---

टेबल_नंबर_सात, १३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

आमच्याकडे हा प्रश्न कोणी विचारल्याचं आठवत नाही. मला वाटतं ज्या ज्या वर्षी हप्ता भरला, त्या वर्षी विमा ५ लाखच होता, म्हणून अट पाळली गेली. पण तुम्ही कायदा वाचणारे, मी फॉर्म तपासणारी.

---

कोल्हापुरी_हिशेबनीस, १३ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

मीही तसंच वाचतो. पण शब्दशः वाचणारा अधिकारी भेटला तर वाद घालावा लागेल. जुन्या पावत्या आणि बाँड २०३६ नंतरही काही वर्षं जपा, एवढंच आज सांगू शकतो. ८०सी ची काळजी मात्र नको. दोन वर्षांच्या आत पॉलिसी बंद पडली तर घेतलेली वजावट परत करपात्र होते. तुमची नऊ वर्षं झालीत.

---

पुणेरी_तोडगा, १३ ऑक्टोबर, दुपारी २:१५

मुद्दा कमी झालेल्या विम्याचाही आहे. पेड-अप करून वाचलेल्या २६,००० तून टर्म प्लॅन घ्यावा ना.

---

सातपूरकर, १३ ऑक्टोबर, रात्री ९:००

भाऊ, २६,००० वाचत नाहीयेत, ते नाहीचेत :) पण टर्मचं चौकशीत आहे. ते उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि वर्कशॉपचे मालक पगार रोख देतात. पोस्टातली ती ४३६ रुपयांची दोन लाखांची योजना आणि २० रुपयांची अपघाताची, या दोन्ही घ्याव्यात का?

---

टेबल_नंबर_सात, १३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

घ्याच. ४३६ वाल्या जीवन ज्योतीला वयाची मर्यादा ५० आहे, २० रुपयांच्या सुरक्षा विम्याला ७०. दोन्ही बँक किंवा पोस्टाच्या बचत खात्यातून कापल्या जातात, त्यामुळे मेअखेरीला तेवढी शिल्लक ठेवा. उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. गेलेल्या पावणेतीन लाखांपैकी दोन आणि अपघाती पाचापैकी दोन वर्षाला ४५६ रुपयांत परत येतात. जीवन ज्योतीत नव्याने आलात तर पहिले तीस दिवस अपघाताशिवाय मृत्यूचा दावा मिळत नाही, म्हणून उद्याच जा.

---

सातपूरकर, ७ नोव्हेंबर, रात्री ८:५०

१४ तारखेला पत्र दिलं होतं. पोच द्यायला आधी टाळाटाळ झाली, मग थांबून राहिल्यावर शिक्का मिळाला. काल लेखी उत्तर आलं. हप्ते १८ धरलेत, पेड-अप रक्कम २,२५,०००, मुदतपूर्ती २८/०९/२०३६, पुनरुज्जीवन सप्टेंबर २०३० पर्यंत. बोनस मात्र १,८७,५०० ऐवजी १,६६,५०० लिहिलाय. बरोबर एका वर्षाचा कमी. बँकेत डेबिट रद्द झालं. पोस्टातल्या दोन्ही योजना घेतल्या.

---

टेबल_नंबर_सात, ७ नोव्हेंबर, रात्री ९:३५

पोर्टलवरच्या बोनसच्या पानाचा तारखेसह प्रिंट काढा आणि त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन पुन्हा लिहा. "जमा बोनसमधील रु. २१,००० च्या फरकाचा वर्षनिहाय तपशील मिळावा" एवढंच मागा. बोनस दर ३१ मार्चच्या मूल्यांकनावर जाहीर होतो. उत्तर तयार करणाऱ्याने मार्च २०२५ चा धरला नसावा असा माझा अंदाज, कारण तेव्हा तुमची पॉलिसी चालू होती. पण पोर्टल चुकीचं असूही शकतं. वर्षनिहाय आकडे आले की इथे टाका.

---

वहिनी_इचलकरंजी, ८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

काकू, कारकुनांकडे यादीच्या जुन्या फायली निघाल्या. सातपैकी चार महिन्यांत ह्यांच्या पॉलिसी नंबरातला एक आकडा चुकलाय. उरलेल्या तीन महिन्यांची यादीच नाही.